जुना फोन मंद कोण करतं? अपडेट पाठवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
फोन कंपन्यांचे सॉफ्टवेअर विभाग आणि अपडेटसोबतच्या टिपा लिहिणारी मंडळी यांस,

विषय : अपडेटनंतर मंदावणारे जुने फोन आणि त्याबद्दल तुम्ही पाळत असलेलं मौन

स. न. वि. वि.

तुमच्याकडून दर थोड्या दिवसांनी फोनवर एक निरोप येतो. ‘काही दोष दूर केले आहेत, कार्यक्षमता सुधारली आहे, आता इन्स्टॉल करा.’ आम्ही बोट दाबतो, फोन बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि कधीकधी त्यानंतर तो पूर्वीसारखा राहत नाही. कीबोर्ड अक्षरामागे अक्षर धापा टाकत उमटवतो, कॅमेरा उघडेपर्यंत समोरचं दृश्य निघून गेलेलं असतं. मग घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, नवीन फोन खपावा म्हणून हे मुद्दाम करतात. दुसरा म्हणतो, काहीतरीच काय, सॉफ्टवेअर जड झालंय आणि फोन म्हातारा झालाय.

मी बरीच वर्षं पहिल्या पक्षात होतो. सॉफ्टवेअर तपासणं हे माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळे एकदा वाद घालण्याऐवजी मोजायला बसलो. आज माझं मत असं आहे की बहुतेक वेळा दुसरा पक्ष बरोबर असतो. पण पहिला पक्षही एकदा, निदान ‘मुद्दाम’ या शब्दापुरता, सर्वांदेखत बरोबर ठरलेला आहे. दोन्ही प्रकार फोनवर वेगवेगळे ठसे सोडतात, आणि ते ओळखता येतात. तुम्हाला ते आमच्यापेक्षा जास्त चांगले ओळखता येतात, म्हणून हे पत्र तुम्हाला.

सिद्ध झालेलं प्रकरण आधी घेतो. २०१६च्या शेवटी आयफोन ६ आणि ६एस वापरणाऱ्यांची तक्रार वाढली होती की बॅटरी तीस-चाळीस टक्के दाखवत असतानाच फोन अचानक बंद पडतो. कारण बॅटरीच्या वयात होतं. लिथियम-आयन बॅटरी जुनी होते तेव्हा तिच्यात मावणारा चार्ज कमी होतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण तिचा अंतर्गत रोधही वाढतो, आणि खरी गंमत तिथे आहे. जेवढा विद्युतप्रवाह आपण एकदम ओढतो, तेवढा या रोधामुळे व्होल्टेज त्या क्षणापुरता खाली बसतो.

उदाहरणापुरते सोपे आकडे घेऊ. बॅटरीचा व्होल्टेज ३.८, नव्या बॅटरीचा रोध ०.१ ओहम. प्रोसेसरने क्षणभर ३ अँपियर ओढले, तर व्होल्टेज ०.३ने घसरून ३.५वर येतो. काही बिघडत नाही. आता तीच बॅटरी जुनी झाली आणि रोध ०.२५ ओहम झाला असं समजा. त्याच ३ अँपियरला व्होल्टेज ०.७५ने घसरतो, म्हणजे ३.०५. फोनच्या सर्किटला निदान ३.२ व्होल्ट लागत असतील तर तो तिथल्या तिथे मान टाकतो. बॅटरीत चार्ज शिल्लक असतो, पण तो हवा तेव्हा हवा तेवढा बाहेर येत नाही. थंडीत रोध आणखी वाढतो, म्हणून गारठ्यात हा प्रकार जास्त दिसतो.

इंजिनीअरपुढे मार्ग सरळ होता. प्रोसेसरला ३ अँपियर ओढूच द्यायचे नाहीत. त्याचा कमाल वेग कमी केला आणि मागणी १.८ अँपियरवर रोखली, तर जुन्या बॅटरीतही घसरण ०.४५ची होते, व्होल्टेज ३.३५वर टिकतो आणि फोन जिवंत राहतो. जानेवारी २०१७मध्ये आलेल्या आयओएस १०.२.१मध्ये अ‍ॅपलने हेच केलं. पुढच्या महिन्यात कंपनीने सांगितलं की ६एसवर अचानक बंद पडण्याचे प्रकार ८० टक्क्यांनी कमी झाले आहेत. ते कशाच्या बदल्यात कमी झाले, हे मात्र सांगितलं नाही.

ते बाहेर यायला डिसेंबर उजाडला. एका वापरकर्त्याने आपल्या मंदावलेल्या ६एसची बॅटरी बदलली आणि गीकबेंच या वेग मोजणाऱ्या बेंचमार्क चाचणीतले आधीचे-नंतरचे गुण लोकांसमोर ठेवले. एका कोअरचा गुण १४६६वरून २५२६वर गेला होता. प्रोसेसर तोच, सॉफ्टवेअर तेच, बदलली होती ती फक्त बॅटरी. हे वाचून गीकबेंच बनवणाऱ्या प्रायमेट लॅब्जच्या जॉन पूल यांनी आपल्याकडे साठलेले हजारो फोनचे गुण काढले आणि आवृत्तीनुसार आलेख मांडले.

त्या आलेखांचा आकार हा या सगळ्या वादातला सर्वांत मोलाचा पुरावा आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. आयओएस १०.२वरच्या ६एसच्या गुणांचा आलेख म्हणजे एकच उंच टेकडी होती. जवळजवळ सगळे फोन सारख्याच वेगाने धावत होते. १०.२.१वर मुख्य टेकडी जागच्या जागी राहिली, पण तिच्या डावीकडे, कमी गुणांच्या बाजूला, लहान लहान टेकड्या उगवल्या. ११.२वर त्या अधिक ठळक झाल्या. आयफोन ७चा आलेख ११.१.२पर्यंत एकाच टेकडीचा होता, ११.२ आल्यावर तिथेही तेच दिसलं.

सॉफ्टवेअर जड झालं असतं तर काय दिसलं असतं? ते सगळ्यांनाच जड झालं असतं. अख्खी टेकडी थोडी डावीकडे सरकली असती, पण राहिली असती एकच. वेगळ्या टेकड्या तेव्हाच उगवतात, जेव्हा काही फोन निवडून त्यांना ठरावीक पायऱ्यांवर बांधून ठेवलेलं असतं. कमकुवत बॅटरीच्या फोनला कुणीतरी सांगितलेलं असतं की तू या पायरीच्या वर चढायचं नाहीस. असा जिना आपोआप तयार होत नाही, तो कुणीतरी बांधावा लागतो.

यातला उपरोध असा की दोनच महिने आधी, ऑक्टोबर २०१७मध्ये, फ्यूचरमार्क या दुसऱ्या बेंचमार्क कंपनीने आपल्याकडचे आकडे दाखवून म्हटलं होतं की आयफोनचा वेग अपडेटमुळे फारसा कमी होत नाही. आकडे खोटे नव्हते. त्यांनी सरासरी पाहिली होती. शंभरातल्या पंधरा फोनला बेड्या घातल्या आणि पंच्याऐंशी मोकळे सोडले, तर सरासरी जरा डुलते आणि बघणाऱ्याला वाटतं की आलबेल आहे. पूल यांनी सरासरी न काढता सगळी गर्दी मांडली, म्हणून बेड्या दिसल्या.

२० डिसेंबरला अ‍ॅपलने मान्य केलं, २८ला माफीचं पत्र आलं. वॉरंटीबाहेरची बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९वर आणला, आणि मार्च २०१८च्या आयओएस ११.३पासून बॅटरीचं आरोग्य सेटिंगमध्ये दिसू लागलं. वेगावरचा लगाम बंद करायची सोयही आली.

माझं प्रांजळ मत सांगतो, माझ्या जुन्या पक्षाला ते आवडणार नाही. इंजिनीअरचा निर्णय योग्य होता. बोलता बोलता बंद पडणाऱ्या फोनपेक्षा सावकाश चालणारा फोन बरा. पाप घडलं ते टिपा लिहिणाऱ्यांच्या टेबलावर. ‘तुमची बॅटरी थकली आहे म्हणून वेग कमी केला आहे, बॅटरी बदललीत की तो परत मिळेल’ एवढं वाक्य लिहिलं असतं तर प्रकरण झालंच नसतं. ते नसल्यामुळे माणसाला वाटलं की फोनच संपला. बॅटरीने काम भागलं असतं तिथे त्याने अख्खा फोन घेतला, आणि त्यात फायदा कुणाचा झाला हे वेगळं सांगायला नको. हेतू तसा नसेलही. पण मौनाचा नफा तुमच्या खिशात पडत असताना हेतू शुद्ध होता हे आम्ही कशावरून मानायचं?

सरकारी यंत्रणांनीही बोट ठेवलं ते बरोबर इथेच. फ्रान्सच्या डीजीसीसीआरएफ या ग्राहक संरक्षण यंत्रणेने फेब्रुवारी २०२०मध्ये २.५ कोटी युरोंचा दंड जाहीर केला, तो वेग कमी होऊ शकतो हे ग्राहकांना न सांगितल्याबद्दल. त्याहून बोलका निर्णय इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाचा. ऑक्टोबर २०१८मध्ये त्यांनी एकाच दिवशी दोन कंपन्यांना धरलं. अ‍ॅपलला १ कोटी युरो, सॅमसंगला ५० लाख. सॅमसंगच्या बाबतीत कुठलाही छुपा लगाम नव्हता. गॅलेक्सी नोट ४च्या मालकांना अँड्रॉइडची मार्शमॅलो आवृत्ती घ्या म्हणून सतत आग्रह केला गेला. ती नव्या फोनला समोर ठेवून बनवलेली होती, जुन्या हार्डवेअरला झेपेना, आणि याची कल्पना आधी दिली गेली नाही, असा ठपका होता. मुद्दाम वेग कमी करणं आणि जड सॉफ्टवेअर गळ्यात घालणं, ज्या दोन गोष्टींवर आम्ही घरी भांडतो, त्या दोन्ही तिथे शेजारी शेजारी उभ्या होत्या.

आता जड सॉफ्टवेअरकडे येतो. हे सांगायला माझ्याकडे घरचंच उदाहरण आहे. कंपनीचं नाव घेत नाही, कारण हे कुठल्याही कंपनीच्या फोनवर घडू शकतं.

मी आणि माझ्या बहिणीने एकाच वेळी एकाच मॉडेलचे फोन घेतले होते. ३ जीबी रॅम, ३२ जीबी स्टोरेज. मोठा अपडेट आला तसा मी लगेच केला. ती ‘नंतर आठवण करा’ दाबत राहिली. (तिच्या या सवयीवर मी आयुष्यभर टीका केली आहे, या वेळी तिनेच माझं काम सोपं केलं.) माझा फोन अडखळू लागला, तिचा नाही. एक अपडेट झालेला आणि एक न झालेला असे सारखे फोन हाताशी असणं म्हणजे तपासणाऱ्याला लॉटरीच. दोन्ही फोन ऐंशी टक्क्यांवर चार्ज केले, थंड होऊ दिले, विमान मोडवर टाकले आणि रीस्टार्ट केले.

पहिला प्रश्न, प्रोसेसरला बेड्या घातल्या आहेत का? अँड्रॉइड फोनवर यूएसबी डीबगिंग चालू करून, तो केबलने संगणकाला जोडून, adb या साधनाने हे विचारता येतं.

```
adb shell cat /sys/devices/system/cpu/cpu0/cpufreq/cpuinfo_max_freq
adb shell cat /sys/devices/system/cpu/cpu0/cpufreq/scaling_max_freq
```

पहिली ओळ प्रोसेसर किती वेगाने धावू शकतो ते सांगते, दुसरी त्याला किती धावायची परवानगी आहे ते. दुसरा आकडा लहान आला आणि फोन गरमही नसेल, तर कुणीतरी लगाम खेचलाय असं समजा. `cpu0` हा बहुधा छोटा कोअर असतो, म्हणून बाकीच्या कोअरांचे आकडे टाकूनही बघावं. काही फोन ही फाइल वाचू देत नाहीत. आमच्या दोन्ही फोनवर सर्व कोअरांचे दोन्ही आकडे सारखे आले. बेंचमार्कच्या गुणांतही दोन टक्क्यांच्या आतबाहेरचा फरक. म्हणजे माझ्या लाडक्या कटाचा इथेच निकाल लागला.

तरी फोन मंद होता, हे डोळ्यांना दिसत होतं. मग मेमरी पाहिली.

```
adb shell cat /proc/meminfo
```

यात `MemAvailable` नावाची ओळ असते. रीस्टार्टनंतर पाच मिनिटांनी बहिणीच्या फोनवर साधारण १२०० एमबी मोकळी होती, माझ्यावर ८५०. म्हणजे मी एकही अ‍ॅप उघडण्याआधीच नव्या आवृत्तीने साडेतीनशे एमबी जास्त व्यापली होती. आठ जीबीच्या नव्या फोनवर हे कुणाला कळणारही नाही. ३ जीबीच्या फोनवर याचा अर्थ काय होतो हे पाहायला मी दोन्ही फोनवर तीच सहा अ‍ॅप्स ओळीने उघडली आणि त्याच क्रमाने परत गेलो. तिच्या फोनवर पाच अ‍ॅप्स होती तशीच उभी होती. माझ्यावर दोन. उरलेली चार यंत्रणेने जागा करण्यासाठी मारून टाकली होती आणि ती मुळापासून पुन्हा उघडत होती. मेमरीत असलेलं अ‍ॅप पापणी लवते न लवते तोच समोर येतं, मुळापासून उघडायला दोन-तीन सेकंद लागतात. आपण दिवसभरात शेकडो वेळा या अ‍ॅपवरून त्या अ‍ॅपवर उड्या मारतो. वेग गेला तो तिथे.

शिवाय मेमरी अपुरी पडू लागली की यंत्रणा न वापरलेले भाग दाबून, घडी घालून ठेवते आणि लागतील तेव्हा उलगडते. घड्या घालायचं कामही प्रोसेसरच करतो. म्हणजे त्याचा वेग कुणी कमी केलेला नसतो, त्याच्या मागे घरकाम वाढलेलं असतं. बेंचमार्कला हे दिसत नाही, कारण तो एकटाच चालतो आणि थोड्या मेमरीत भागवतो. ‘प्रोसेसरचा वेग कमी झालेला नाही’ हे तुमचं उत्तर आणि ‘फोन मंद झालाय’ ही आमची तक्रार, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, ते असं.

खात्रीसाठी माझ्या फोनची बॅटरी बदलून पाहिली. काडीचाही फरक पडला नाही, जो २०१७च्या प्रकरणात लगेच पडला होता. स्टोरेज गच्च भरलं होतं ते आठ जीबी मोकळं केलं, तेव्हा फोटो जतन होणं आणि अ‍ॅप इन्स्टॉल होणं सुधारलं, उड्या मारणं तसंच राहिलं. फोन पूर्ण रिसेट केला तर आठवडाभर तो टुणटुणीत होता, मग एकेक अ‍ॅप परत आलं आणि पहिले पाढे पंचावन्न. दोन फोनांवरून जगाचा निष्कर्ष काढता येत नाही, हे मला कळतं. बहिणीचा फोनही नवा होता तेव्हाइतका चपळ उरलेला नव्हता, कारण तिने यंत्रणेचा अपडेट टाळला तरी अ‍ॅप्स स्वतःहून अपडेट होत होतीच. तेव्हा सगळं खापर तुमच्यावर फोडत नाही. अपडेटनंतरचे पहिले दोन-तीन दिवसही मी हिशेबात धरले नव्हते. तेव्हा फोन आतून अ‍ॅप्स नव्याने बांधत असतो, फोटोंची सूची करत असतो, आणि मंदपणा आपोआप जातो.

पण ‘सॉफ्टवेअर जड झालं’ हे वाक्य तुम्ही ‘पाऊस पडला’ या चालीवर म्हणता, त्याला माझी हरकत आहे. सॉफ्टवेअर आपोआप जड होत नाही. साडेतीनशे एमबी कुठल्या तरी बैठकीत मंजूर झाले, आणि त्या बैठकीतल्या कुणाच्याही हातात ३ जीबीचा फोन नव्हता. मनात आणलंत तर तुम्ही उलटही करून दाखवता. २०१२च्या नेक्सस ७ टॅबलेटचं स्टोरेज वापरता वापरता मंद होत गेलं, कारण पुसलेल्या जागा मोकळ्या झाल्याचं यंत्रणा फ्लॅश मेमरीला कळवतच नव्हती. २०१३च्या अँड्रॉइड ४.३ने ते कळवायला सुरुवात केली, त्याला ट्रिम म्हणतात, आणि तोच टॅबलेट पुन्हा हालू-चालू लागला. २०१८चं आयओएस १२ जुन्या फोनांना वेग द्यायचा हे ठरवूनच बनवलं गेलं. आयफोन ६ प्लसवर अ‍ॅप ४० टक्क्यांपर्यंत लवकर उघडेल असा कंपनीचा दावा होता, आणि ते ज्यांनी वापरलं त्यांना फरक जाणवला. एका छुप्या लगामाने बदनाम झालेल्या कंपनीने वर्षाच्या आत हे केलं, यावरून जडपणा किती अटळ असतो ते समजून घ्यावं.

म्हणून मागणं थोडंच आहे. वेगावर, चार्जिंगवर किंवा व्होल्टेजवर कसलीही मर्यादा घालणार असाल तर ती टिपेत एका साध्या वाक्यात लिहा, आणि ती सध्या लागू आहे की नाही हे सेटिंगमध्ये दिसू द्या. ‘कार्यक्षमता सुधारली’ हे वाक्य काढून टाका, त्याला काही अर्थ उरलेला नाही. मोठी आवृत्ती पाठवताना त्या मॉडेलवर रीस्टार्टनंतर किती मेमरी मोकळी राहते, आधी किती राहत होती, हे दोन आकडे द्या. ते तुमच्या चाचणी विभागाकडे आजही असतात, मी त्याच धंद्यात आहे. आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या मोठ्या आवृत्तीच्या गाडीला जोडू नका. त्या एकट्या पाठवा, आणि मोठी आवृत्ती झेपली नाही तर मागे जायची वाट काही आठवडे तरी उघडी ठेवा. मागे जाऊ दिल्याने जुने सुरक्षादोष परत येतात हे तुमचं उत्तर मला ठाऊक आहे. जुन्या आवृत्तीला दुरुस्त्या मिळत राहिल्या तर ते उत्तर आपोआप गळून पडतं.

बहिणीच्या फोनवर ‘आता इन्स्टॉल करा’ची खिडकी अजून रोज येते. दाबलं तर तिचा फोन माझ्या फोनसारखा अडखळणार. नाही दाबलं तर सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार नाहीत, आणि तिचे बँकेचे व्यवहार याच फोनवर चालतात. तिने मला विचारलंय की दाबू की नको. मी तिला अजून उत्तर दिलेलं नाही, आपल्या उत्तरासाठी थांबलो आहे.

कळावे,

आपला,
३ जीबी रॅमचा एक ग्राहक